ऐकून पाठ झालेला धडा

माझ्या भाचीचं, मैनाचं, डोकं तल्लख आहे आणि छापील अक्षरांशी तिचं हाडवैर आहे. यात लोकांना न समजण्यासारखं काय आहे, देव जाणे. दहावीचे लांबलचक धडे ती फोनवर ऐकते. पानाचा फोटो काढला की फोन अक्षरं ओळखून वाचून दाखवतो. विज्ञान इंग्रजीत, त्याला वाचणारं पेन. ओळीवरून सरळ फिरवलं की ते बोलतं, हात हलला की खालच्या ओळीत घुसतं. म्हणून पोरगी पट्टी धरून बसते.

बोर्डाच्या परीक्षेत फोन नाही, पेन नाही. मिळाला तर लेखनिक, जो प्रश्न वाचून दाखवेल, आणि जादा वेळ. तिला वाचायला अडचण आहे, असा दवाखान्याचा दाखला आणला होता. फक्त शाळेनं प्रस्ताव पाठवायचा होता, आणि आज शेवटचा दिवस.

अमरावतीतल्या त्या शाळेचे मुख्याध्यापक भगवंतराव सर. मैनाला घेऊन मी त्यांच्या खोलीत गेले, तर आणखी दोन पालक बसलेले. सरांनी इतिहासाचं पुस्तक पुढे केलं. "वाचून दाखव बरं."

मैनानं घडाघडा वाचलं. मला अभिमान वाटला, काय सांगू. सरांनी पुस्तक मिटलं. "हिले लेखनिक कायले पाह्यजे? इतकी चांगली तर वाचते."

"वाचलं नाही तिनं, सर. ऐकून पाठ हाये तिले," मी म्हटलं.

"दाखल्यावर दाखले आणून राहिले लोक," सर म्हणाले. "मी काय डोये मिटून सही करू?"

चौथीत वाचताना अडखळली आणि वर्ग हसला, तेव्हापासून ही पाठ करूनच वाचते. आता त्याच पाठांतरानं तिला कोंडलं होतं. मला सरांचा राग आला, आणि तिचाही.

"मैना, न ऐकलेला धडा उघड," मी हळूच म्हटलं.

"नको ना, आत्या." तिचे कान लाल झाले होते. लोकांसमोर अडखळायला लागू नये, म्हणून तर ती रोज तासन्‌तास कानाला फोन लावून बसायची. आणि मी तिला नेमकं तेच करायला सांगत होते. मला रडू आलं.

तिनं शेवटचा धडा उघडला. ओळीखाली बोट ठेवलं. एका शब्दावर थांबली, मागे गेली, पुन्हा थांबली. ओळ सुटली, वरची ओळ परत आली. एक पालक दुसऱ्याकडे बघून हसला. मैनाच्या कपाळावर घाम आला, पण बोट पानावरून उचललं नाही.

"बस, बस," सर म्हणाले. त्यांचा आवाज उतरला होता.

"नाही सर, पूर्ण पान वाचते," मैना म्हणाली. "नाहीतर मंग म्हनसान, नाटक केलं."

सरांनी प्रस्ताव ओढून घेतला. ते सही करून शिक्का मारत होते तेव्हाही ती वाचतच होती.