नलीतली सहा वर्षं

रत्नागिरीच्या कचेरीसमोर आत्माराम टायपिस्ट बसे. नाटे गावच्या खलाशी रमजानभाईंना बहरीनची नोकरी मिळाली होती ती त्याच्याच अर्जावर. ती कंपनी विलायती. एक पान, कामाचा अनुभव, दोन कप्तानांच्या शिफारशी. ना फोटो, ना जन्मतारीख. छप्पन साली तिथलं काम संपलं, तेव्हा आत्मारामाने तसंच एक पान हँबर्गच्या जहाजदुरुस्तीच्या कंपनीला धाडलं.

महिन्याभराने उत्तर आलं. आत्मारामाने ते दोनदा वाचलं.

"काय म्हणतात, मास्तर?"

"एवढ्याने भागत नाही म्हणतात. फोटो हवा, जन्मतारीख हवी. जन्मापासूनची हकीकत तुमच्याच हाताने लिहायची, एक वर्ष गाळायचं नाही. शाळेपासूनचे सगळे दाखले जोडायचे."

"अरे बापरे! नोकरी देतात का सोयरीक जुळवतात?"

आत्माराम हसला, पण कागद मांडता मांडता ते हसू ओठांवरच सुकलं. नली म्हणजे खलाशाचं सरकारी पुस्तक. तीत जन्म सोळा सालचा. शाळेचा दाखला म्हणत होता, बावीस.

"रमजानभाई, चौथी पास झालात चौतीस साली. नलीप्रमाणे तेव्हा तुम्ही अठरा वर्षांचे!"

रमजानभाईंनी मान खाली घातली. "बाप दर्यात बुडाला, चूल विझली. तेरा वर्षांच्या पोराला बोटीवर कोण घेतो? एकोणीस सांगितली. आमच्या गावात निम्म्यांनी तसंच केलं."

बहरीनच्या एका पानात ही सहा वर्षं गुपचूप निजली होती. आता त्यांना उठवायची पाळी आली.

"शाळेचा कागद ठेवा बाहेर."

"मग एकोणीस वर्षं कोरी राहतील. तिकडे कोरं वर्ष दिसलं की माणूस तुरुंगात होता की काय, असं वाचतात. इंग्रज जे विचारतच नाही, ते जर्मन पहिलं बघतो."

"आणि खरं लिहिलं तर?"

"तर नली खोटी."

समुद्रावरचा वारा कागद उडवू पाहत होता, रमजानभाईंनी ते तळहाताने दाबून धरले. "बायकोला, सकिनाला, शब्द दिलाय, या खेपेला जातोच म्हणून. मास्तर, खरंच लिहूया. जर्मनाला नली कशाला बघायचीय?"

आत्मारामाला नको म्हणायचं होतं. पण त्याने कच्चा मसुदा पुढे सरकवला. रमजानभाई एकेक अक्षर गिरवत गेले: जन्म बावीस, शाळा, मग पस्तीस सालापासून बोटी. फोटो चिकटवला. बोटींच्या नोकरीचा पुरावा म्हणून नलीची नक्कलही जोडावीच लागली. दोन तारखा एकाच पाकिटात शेजारी शेजारी बसल्या.

पुढचं पत्र हँबर्गहून आलंच नाही. आलं ते मुंबईहून, नल्या देणाऱ्या सरकारी कचेरीच्या शिक्क्याचं. जर्मन कंपनीने तिथे दोन तारखांबद्दल विचारणा केली होती.

"वाचा, मास्तर."

"आठ दिवसांत हजर व्हा म्हणतात. नली जमा करायची, चौकशी होईपर्यंत."

"आणि मग बोट?"

"नली नसली की कुठलीच बोट नाही, रमजानभाई."

रमजानभाईंनी नली छातीशी घट्ट धरली. "गावातल्या बाकीच्यांच्या नल्याही बघतील काय हो?"