पहिलवानाचा सलाम

आमच्या प्राणिसंग्रहालयात वाघापुढे जमत नव्हती एवढी गर्दी माझ्या सरड्यापुढे जमायची. हे मी फुशारकी मारायला सांगत नाही. बरं, थोडी मारते. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या दालनात मी सतरा वर्षं काढली, पण माझ्या जनावरांकडे बघून कुणी टाळ्या वाजवल्याचं आठवत नाही.

हा खडकावर राहणाऱ्या जातीचा नर, डोकं लालभडक. दगडावर चढायचा, पुढचे पाय ताणून छाती उचलायचा, खाली आणायचा, पुन्हा वर, आणि मध्येच मान दोन-तीनदा हलवायचा. माणसं जोर काढतात ना, अगदी तसं. आम्ही त्याला पहिलवान म्हणायला लागलो. साहेबांनी तर काचेशेजारी 'पहिलवानाचा सलाम' अशी पाटीच लावली. लोक हसायचे, मोबाइल काढायचे, आणि मी मागच्या दारातून बघत मनातल्या मनात फुगायची. लोकांना बघून तो खुलतो, असं मी ज्याला त्याला सांगत सुटले होते.

मग त्याचं वजन उतरायला लागलं. एकोणऐंशी ग्रॅमवरून महिन्याभरात चौसष्ट. डॉक्टरीणबाईंनी विष्ठा तपासली, जंत नाहीत. तोंड बघितलं, ठणठणीत. शेवटी त्यांनी मलाच विचारलं, खायला वेळेवर पडतं ना? मला ते फार लागलं. माझ्या हातचं खाऊन आजवर कुणी वाळलं नव्हतं. टाकलेले नाकतोडे त्याच्या पायांखालून फिरायचे आणि हा त्यांच्याकडे ढुंकूनही बघायचा नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी पाच ग्रॅम गेले तर हा हाताशी लागेल असं वाटत नाही. त्या रात्री मी जेवले नाही.

दुसरा दिवस सुट्टीचा होता. दालन बंद, चिटपाखरू नाही. मी वजनकाटा घेऊन मागचं दार उघडलं, तर हा दगडावर चढून काचेच्या दिशेने जोर काढतोय. बाहेर कुणीच नव्हतं, मग हा सलाम ठोकत होता कुणाला?

मी गुडघे टेकले आणि डोकं आत घालून त्याच्या उंचीला आणलं. समोरच्या काचेत माझा घामेजलेला चेहरा दिसला, आणि त्याच्या खाली दगडावर आणखी एक लाल डोक्याचा सरडा. आपला खाली गेला की तोही खाली, आपल्याने मान हलवली की तोही हलवणार.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. ही जात अंगावर धावून जायच्या आधी अशी बोलते. ही जागा माझी आहे, अंगात किती दम आहे ते बघून घे, असं. मादी असली तर तिलाही असंच दाखवायचं. दोघा नरांपैकी एक नमतो, डोकं खाली घालून निघून जातो आणि मारामारी टळते. हे मला सतरा वर्षं माहीत होतं. पण काचेतला तो कसला नमतोय? याचा दम संपेपर्यंत तो तेवढ्याच दमाने उत्तर देत राहणार.

आणि तो तिथे आला कुठून? माझ्यामुळे. काचेवर चकाकी येते, लोकांना नीट दिसत नाही, म्हणून दोन महिने साहेबांच्या मागे लागून बाहेरच्या ट्यूबलाइट मीच बंद करून घेतल्या होत्या. आत लख्ख, बाहेर अंधार. आतून काचेचा आरसा झाला. मला स्वतःची इतकी लाज वाटली की वजन करायचंच विसरले.

दिवे लावून काचेच्या खालच्या भागाला आतून पांढुरका कागद चिकटवायचा, असं मी साहेबांना सांगितलं. ते कुरकुरले. लोक सलामासाठीच तर येतात, पाटी लावलीय आपण, म्हणाले.

"साहेब, तो सलाम नाही," मी म्हटलं. "तो महिनाभर एकाला चालता हो म्हणतोय, आणि समोरचा जात नाही. त्याला मीच आणून बसवलंय."

साहेबांनी स्वतः जाऊन पाटी उतरवली.

दिवे लागले त्या सकाळी पहिलवान दगडावर चढला. चार जोर काढले, मान हलवली, थांबला. त्याची जात सकाळी तेवढं करतेच. समोरून उत्तर आलं नाही. त्याने थोडा वेळ वाट बघितली, मग मान वळवली आणि पायाशी फिरणारा नाकतोडा मटकावला. मग दुसरा. मी तिथेच उभी राहून रडले, कुणी बघितलं तर बघू दे म्हणून.

तीन आठवड्यांत तो सत्त्याहत्तरवर आला. रविवारी एक बाप लेकीला कडेवर घेऊन काचेपुढे बराच वेळ उभा होता. हा दिव्याखाली पोट टेकून डोळे मिटून पडलेला.

"हा काहीच करत नाही का हो?" त्याने मला विचारलं.

"काहीच नाही," मी म्हटलं, "तासभर झाला, नुसता पडलाय," आणि त्यांना नीट दिसावं म्हणून बाजूला सरकले.