सहावी खुर्ची

"दहा मिनिटांत जेवतात आणि पळतात मेले! हे गेल्यापासून टेबलावर गप्पाच नाहीत," आजी सुताराला म्हणाल्या.

सुतार जुन्या खुर्चीत बसला. टेबल तीस इंच उंच, बैठक वीस. मांड्या टेबलाखाली अडकल्या, टाचा अधांतरी राहिल्या, सरळसोट पाठ मणक्याला टोचू लागली.

"आजी, यात दहा मिनिटं म्हणजे पराक्रमच की!"

नव्या बैठका त्याने एकोणीस इंचांवर ठेवल्या. फोम घट्ट घेतला. माणूस बसला की तो इंचभरच दबेल आणि बैठक बरोबर अठरावर येईल. पाठ किंचित मागे कललेली, खांद्यांच्या खालीच संपणारी, म्हणजे वाढताना हात मोकळे.

घरात माणसं पाच. आजींनी खुर्च्या सहा सांगितल्या होत्या.

रविवारी त्यांनी सुतारालाही बोलावलं. सहाव्या खुर्चीपुढे आजींनी आधीच एक ताट वाढून ठेवलं होतं, म्हणून तो भिंतीपाशी स्टुलावर जेवला. टेबलाशी बसलेले घरचे पाचही जण दोन तास हलले नाहीत. सून तर हसून हसून रडली.

सगळे उठल्यावर सुताराने सवयीने टेप लावली. एकोणीस. एकोणीस. पाचही बैठका पुन्हा वर आल्या होत्या.

सहावीत कोणीच बसलं नव्हतं. तिथे टेप अठरा दाखवत होती. त्याने थोडा वेळ वाट पाहिली. फोम वर येईना.

"फोम खराब निघाला, आजी. बदलून देतो."

"हात लावू नकोस," आजी हळूच म्हणाल्या. "गप्पा हेच रंगवायचे, पण जुन्या खुर्चीतून सगळ्यांत आधी उठायचेही हेच."

आणि त्यांनी सहाव्या ताटात आणखी भात वाढला.