अकरावा आकडा

प्रवेशाची सोडत झाल्याच्या दुसऱ्या दिवशी शाळा उघडायच्या आधीच एक बाई दारात येऊन उभी होती. गळ्यात मोजपट्टी तशीच लोंबत होती, म्हणजे शिलाईचं काम अर्धं टाकून आलेली. बोट धरून पाच-सहा वर्षांची एक मुलगी.

"मोठ्या बाई तुम्हीच ना?" ती म्हणाली. "काल तुम्ही सगळ्यांसमोर डब्यातून चिठ्ठ्या काढल्यात. पण आमच्या चिमणीची चिठ्ठी डब्यात होतीच कुठे?"

मुख्याध्यापिकेला सारं गाव मोठ्या बाई म्हणे. शाळा मात्र लहान. पहिलीचा एकच वर्ग आणि वीसच जागा. त्यामुळे दर वर्षी अर्ज दुपटीहून जास्त येत आणि वशिल्याच्या चिठ्ठ्या त्याहून जास्त. म्हणून बाईंनी नियम छापून फलकावर लावले होते: मुलाचं वय अमुक तारखेला सहा पूर्ण हवं, घर ठरलेल्या हद्दीत हवं, मूळ कागद दाखवायचे. त्यात बसतील तितक्या सगळ्यांची उघड सोडत. पहिली वीस मुलं आत, उरलेली त्याच क्रमाने प्रतीक्षा यादीत.

बाईंनी फलकाकडे पाहिलं. चिमणीचा अर्ज क्रमांक अपात्र यादीत होता, पुढे कारण: 'पत्त्याचा पुरावा पालकांच्या नावाचा नाही.'

"पालक मीच," ती म्हणाली. "मी तिची मावशी. हिची आई, माझी बहीण, परगावी जहाजाच्या गोदीत नोकरीला आहे. दोन वर्षं पोर माझ्याकडेच आहे. आईचं संमतीपत्र अर्जाला जोडलंय. अपात्रतेचा निरोप म्हणे आईच्या जुन्या फोनवर धाडलात. तो तर केव्हाच बंद पडला."

बाईंनी लेखनिकाला हाक मारली. अर्ज तपासायचं काम त्याचं. सरळ, काटेकोर माणूस; पोरं त्याला मागून 'फूटपट्टी' म्हणत. त्याने फाइल काढली. संमतीपत्र होतं, मावशीच्या नावाचा घरभाड्याचा करार होता, आरोग्य केंद्राच्या लसीकरण कार्डावर मावशीच्याच घरचा पत्ता होता. नियमात लिहिलं होतं: 'आई, वडील किंवा त्यांच्या लेखी संमतीने मूल ज्यांच्याकडे राहतं ते पालक.' फूटपट्टीचा चेहरा पडला.

"आडनाव जुळेना म्हणून मी फुली मारली," तो हळूच म्हणाला. "पुढचं वाचलंच नाही."

चूक दिवसाढवळ्या दिसत होती. पण बाई चरकल्या त्या वेगळ्याच कारणाने. प्रतीक्षा यादीत पहिला क्रमांक होता त्यांच्या धाकट्या भावाच्या मुलीचा. जागा भरल्यात, आता काय उपयोग, असं म्हणून या बाईला वाटेला लावणं किती सोपं होतं! मनात तो विचार येऊन गेला, आणि आला याचीच त्यांना लाज वाटली.

"यादी लागल्यापासून सात दिवसांत लेखी तक्रार करता येते," त्या म्हणाल्या. "ती मी स्वतः ऐकणार नाही. माझी भाची यादीत आहे, तसं मी अर्ज निघतानाच लिहून दिलंय. तक्रार समितीकडे जाईल. तिथे समाधान झालं नाही तर वर शिक्षण कार्यालय आहे."

"मला लिहिता येतं, बाई. फक्त कागद द्या."

तिने तिथेच बाकावर बसून तक्रार लिहिली. चिमणी शेजारी बसून फूटपट्टीच्या टेबलावरचे रबरी शिक्के न्याहाळत राहिली.

समितीत तिघं होते: पालकांच्या वतीने औषधाच्या दुकानाची मालकीण, शाळेतले गणिताचे मास्तर आणि बाहेरचे म्हणून निवृत्त अभियंता. त्यांनी मूळ कागद पाहिले, मावशीचं आणि फूटपट्टीचं म्हणणं ऐकलं. मुलगी पात्र होती, यावर दुमत नव्हतं. प्रश्न पुढचा होता.

"ज्या वीस मुलांना जागा मिळाली त्यांचा काय दोष?" औषधवाल्या म्हणाल्या. "एकालाही काढता यायचं नाही."

"आणि सगळी सोडत पुन्हा घेणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी," अभियंता म्हणाले.

मास्तरांनी तोड काढली. सोडतीत सत्तेचाळीस मुलं होती, ही अठ्ठेचाळिसावी. एक ते अठ्ठेचाळीस आकडे डब्यात टाकायचे आणि हिच्यासाठी एकच उचलायचा. सोडतीच्या दिवशी डब्यात असती तर जो क्रमांक मिळण्याची जितकी शक्यता होती, तितकीच आताही राहील. आकडा विसाच्या आत आला तर जागा हिच्या हक्काची होती. म्हणून पहिली रिकामी होणारी जागा हिला. विसाच्या पुढचा आला तर यादीत त्या जागी. निर्णय कारणांसकट फलकावर लागला आणि प्रतीक्षा यादीतल्या सगळ्या पालकांना बोलावणं गेलं.

त्या संध्याकाळी भाऊ बाईंच्या घरी आला. चहाला हात लावला नाही.

"ताई, त्या वीसांतलं एक कुटुंब बदली होऊन चाललंय, साऱ्या गल्लीला ठाऊक आहे. जागा आमचीच होती. तू एक शब्द टाकला असतास तर?"

"टाकता येत नाही म्हणून तर समिती आहे."

"घरचंच माणूस आड आलं म्हणायचं!" तो उठला. "उद्या येतो. एकेक चिठ्ठी मोजून घेईन."

"जरूर मोज," बाई म्हणाल्या. "तुझा हक्कच आहे तो."

आणि त्याने खरंच मोजल्या. दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांसमोर, एकेक घडी उघडून, आकडा वाचून, परत घडी घालून. बाई मागच्या बाकावर बसल्या होत्या, इतर पालकांसारख्याच. मोजून झाल्यावर भावाने डबा हलवला आणि मास्तरांपुढे सरकवला. तेवढ्यात मावशी म्हणाली, "तुम्हीच काढा ना, दादा. मी काढली किंवा त्यांनी काढली तर तुमच्या मनात राहील."

समितीने एकमेकांकडे पाहून मान हलवली. भावाने हात डब्यात घातला, बराच वेळ ढवळलं आणि एक चिठ्ठी बाहेर काढली. उघडली. क्षणभर तो आकड्याकडे नुसता बघत राहिला. चिठ्ठी त्याच्या हातात होती; वाचायची त्यालाच.

"अकरा," तो म्हणाला. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

मावशीने डोळ्यांना पदर लावला. चिमणीला काही कळलं नव्हतं, तिने विचारलं, "आता घरी जायचं?"

बदलीवाल्या कुटुंबाचा लेखी नकार त्याच आठवड्यात आला. फूटपट्टीने आधी मावशीच्या फोनवर निरोप धाडला, मग स्वतः पत्र घेऊन तिच्या दारी गेला. तीन दिवसांत होकार द्यायची मुदत होती, तिने तिथेच सही केली. अर्जात आता त्याने अर्ज आणणाऱ्याच्या फोनचीही जागा केली. अपात्र यादी सोडतीच्या आठवडाभर आधी फलकावर लावायची, हा नियम बाईंनी समितीकडून मंजूर करून घेतला.

दुसरी जागा काही रिकामी झाली नाही. भाऊ महिनाभर फिरकला नाही. बाईंनीही फोन केला नाही. हातात घेऊन परत ठेवला, असं बरेचदा झालं. घरात त्यांना जेवण गोड लागेना, पण झोप मात्र लागत होती.

मग एका रविवारी त्याचाच फोन आला. पोरीला पुलापलीकडच्या शाळेत घेतलं होतं.

"तिथे चिठ्ठ्या-बिठ्ठ्या नाहीत, ताई. जो आधी येईल त्याला. पहाटेपासून रांगेत उभा होतो, पायांचे तुकडे पडले."

बाईंना हसू आवरेना. तोही हसला. मग जरा थांबून, आवाज उगाच सहज ठेवत त्याने विचारलं, "दुसरीत जागा झाली तर अर्ज कधी निघतात गं तुमच्याकडे?"

"फलकावर लागेल," बाई म्हणाल्या. "आणि पोरीला घेऊन जेवायला कधी येतोस ते सांग. त्याला अर्ज लागत नाही."