त्रेचाळीस खेळण्यांची वर्णने

माझी थोरली बहीण निवर्तून तीन महिने झाले होते, तेव्हा दाजींनी मला आपल्या कारखान्यात बोलावून घेतले. कारखाना म्हणजे अवघ्या दोन खोल्या; पुढे खेळण्यांची मांडणी, मागे लाकूड कातण्याचा लेथ, भुसा आणि रंगाचा उग्र दर्प. दाजी लाकडी खेळणी घडवितात. त्यांची दृष्टी जाऊन बारा वर्षे लोटली, परंतु हात अद्याप चुकत नाही.

"मेहुणेबुवा," ते म्हणाले, "गिऱ्हाईक म्हणतं, तुमची वेबसाइट उघडेस्तोवर पोरगं मोठं होतं, मग खेळणं घ्यायचं कुणासाठी? तेवढं बघा काहीतरी."

मी नववीनंतर शाळा सोडून छायाचित्रांच्या दुकानात लागलो, आणि तिथेच हे काम शिकलो. दोष तत्काळ ध्यानी आला. ताईने प्रत्येक खेळण्याची पाच-सहा छायाचित्रे मोबाइलमधून जशीच्या तशी चढविली होती. एकेक चार-पाच एमबीचे, आणि नावे कॅमेऱ्याने दिलेली, नुसते आकडे.

चार दिवस मी मनोभावे खपलो. प्रत्येक खेळण्याचे एकच स्वच्छ छायाचित्र निवडले. ज्यांत ताईचा तळहात येत होता, ती बाजूस सारली. रुंदी बाराशे पिक्सेलवर आणली, वेबपी या हलक्या स्वरूपात दाबून प्रत्येकाचे वजन दीडशे केबीच्या आत बसविले. कोणते चित्र कशाचे हे नावावरूनच कळावे म्हणून फाइलींना लाल-घोडा-चाके, पिवळे-बदक अशी नावे रोमन लहान अक्षरांत दिली. नवी चित्रे चढविली, आणि जुन्यांचा पसारा नको म्हणून 'कायमचे हटवा' हे बटण दाबले. वीस सेकंद घेणारे पान तीन सेकंदांत उघडू लागले. मला धन्यता वाटली.

दुपारी दाजी मोबाइल घेऊन स्टुलावर बसले. बोट सरकेल तसा पडदा वाचून दाखविणारा आवाज त्यांच्या फोनमध्ये आहे. बोट घोड्यावर आले. आवाज म्हणाला, "लाल घोडा चाके डॉट वेबपी."

"हे काय?"

"फाइलचं नाव, दाजी. आता कसं नीटनेटकं आहे की नाही?"

"नाव नको रे. ती जे म्हणायची ते लाव."

माझी चूक तेव्हा मला उमगली. चित्रासोबत त्याच्या वर्णनासाठी ऑल्ट टेक्स्ट नावाचा एक रकाना असतो. पडद्यावर तो दिसत नाही. ज्यांना चित्र दिसत नाही त्यांना तो वाचून दाखविला जातो. मला हे ठाऊक होते, परंतु ताईने तो भरला असेल असे मनातही आले नाही. मी तो उघडून पाहिलाच नाही. छायाचित्रांची प्रत माझ्यापाशी होती. वर्णनांची नव्हती, कारण ती चित्राच्या फाइलीत नसून वेबसाइटवरील त्याच्या नोंदीत होती. नोंद पुसली, तशी तीही पुसली. वेबसाइट ठेवण्यासाठी घेतलेल्या आमच्या स्वस्तातल्या होस्टिंगमध्ये जुनी प्रत राखण्याची सोय नव्हती.

"सगळी गेली?" दाजींनी विचारले.

"सगळी, दाजी. माझ्या हातून मोठा घात झाला."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. "आवाज त्या यंत्राचाच होता," ते म्हणाले, "पण बोलणं तिचं होतं. रोज एक-दोन ऐकायचो. पुरवून पुरवून." मग म्हणाले, "काही पाठ आहेत. लिही."

मी लॅपटॉप उघडला. ते सांगू लागले, "लाल घोडा, चार चाकं. माझ्या तळहातावर मावतो. डावा कान जरा आखूड, कारण त्या दिवशी करणाऱ्याचं लक्ष माझ्याकडे होतं."

दाजी हसले, आणि मग हसू आवरेनासे झाल्यासारखे तोंड फिरवून बसले. त्या वर्णनासाठी मी तळहाताचे छायाचित्र शोधून, लहान करून, पुन्हा चढविले. मग त्यांना माकड आठवले, भोवरा आठवला. हत्तीपाशी ते अडले. "हत्ती, कान... कान कशासारखे म्हणाली होती?" ते आठवले नाही. एकूण सात मिळाली.

"बाकीची मी लिहितो," मी म्हणालो. "ताईसारखीच लिहीन."

"नको. नक्कल मला लगेच कळेल. जे दिसतं तेवढं लिही, म्हणजे माझ्यासारख्या दुसऱ्या कुणाला घ्यायचं असेल तर उपयोग होईल."

छत्तीस खेळणी मी समोर ठेवून न्याहाळली आणि लिहिली. चौथ्या दिवशी त्यांच्या फोनवर त्यांना ऐकविली. "पिवळे बदक, लाल चोच, लांबी बारा सेंटिमीटर, ओढण्यासाठी दोरी."

दाजींनी मांडणीवरचे बदक उचलून चोचीपासून शेपटीपर्यंत बोट फिरविले.

"बरोबर आहे," ते म्हणाले. पुढचे त्यांनी ऐकले नाही. फोन उपडा ठेवला, आणि मागच्या खोलीत जाऊन लेथ सुरू केला.