मागे घेतलेली दुरुस्ती

विधानसभेत माणसं बोलतात पोतंभर आणि सांगतात मूठभर. ती मूठ निवडून काढायचं काम सावेडीतल्या एका दैनिकात शमशादकडे होतं. सकाळपासून कानात चर्चेचं रेकॉर्डिंग घालून तिचं डोकं भणभणलं होतं. जनावरांच्या बाजारांवरची व्यापाऱ्यांनी निवडलेली मंडळी काढून सरकारनं नेमलेली समिती बसवायची, असं विधेयक होतं. कोणत्या पक्षाची काय भूमिका आणि शेवटी निकाल काय, एवढंच तिला लिहायचं होतं.

समोर तिचे अब्बा, नूरुद्दीन, बसले होते. सारी हयात घोडेगावच्या बाजारात बैलांचे दात बघून सौदे करण्यात गेलेली. तिथल्या आमदारांच्या घणाघाती भाषणाची क्लिप अब्बांच्या मोबाईलवर आली होती, आणि बाजारातले व्यापारी उद्या आमदारांचा सत्कार करणार, ही बातमी द्यायला ते आले होते.

"लई बोलला गडी! आपला बाजार वाचवला त्यानं," अब्बा म्हणाले.

क्लिप जिथं संपत होती, तिथून पुढचं शमशादनं दोनदा ऐकलं होतं. आमदारांचा पक्ष सत्तेतला मित्रपक्ष. व्यापाऱ्यांचे प्रतिनिधी ठेवा, अशी दुरुस्ती त्यांनी मांडली होती खरी. पण मंत्र्यांनी "विचार करू" म्हणताच त्यांनी सभागृहाच्या परवानगीनं ती मागे घेतली. मग मुख्य विरोधी पक्षानं सभात्याग केला. एक छोटा पक्ष तेवढा विरोधाला बसून राहिला. अध्यक्षांनी बाजूच्यांना 'होय' म्हणायला सांगितलं, विरोधातल्यांना 'नाही'. मतविभागणी, म्हणजे नावानिशी मोजणी, कुणी मागितलीच नाही. विधेयक आवाजी मतदानानं संमत.

संपादक सुनील सर दारातूनच म्हणाले, "शमशाद, आमदारांचा कडाडून विरोध, असं हेडिंग घे. आपल्या भागातलं आहे."

"सर, विरोध भाषणात होता. दुरुस्ती मागे घेतली त्यांनी. पक्षाची भूमिका पाठिंब्याचीच."

सर दमल्यासारखे हसले. "मग तसंच लिही. फोन मला येतील."

अब्बांनी मोबाईल खिशात टाकला. "पन मत कुनाला दिलं त्यानं?"

"ते कळत नाही, अब्बा. आवाजी मतदानात कुणाचं नाव लिहिलं जात नाही. नुसता गलका असतो."

"तू तर त्याचा आवाज वळखतीस की आता."

ओळखत होती. 'नाही'च्या त्या चार-दोन आवाजांत तो नव्हता. पण कानाला ऐकू न आलेलं बातमीत लिहिता येत नाही, आणि बापाला सांगायचाही धीर होईना. तिनं हेडफोनची वायर बोटाला गुंडाळली. अब्बांना तेवढ्यावरूनच सगळं समजलं.

"आन् ही नवी समिती... तिच्यात कोन कोन?"

"सरकार नेमेल ते. आणि समितीचा अध्यक्ष तिथला आमदार. म्हणजे घोडेगावला हेच."

अब्बांनी खिडकीबाहेरच्या रिक्षांकडे नजर वळवली. सत्कार रद्द करतील असं तिला वाटलं, आणि तिला ते मनापासून हवंही होतं. मग त्यांनी फोन काढून फुलवाल्याला लावला.

"हां, नूरुद्दीन बोलतोय. उद्याचा हार जरा मोठा कर."