खडकावरची केबल

दुपारी जेवणाचा डबा उघडायच्या बेतात असतानाच तिच्या पडद्यावर लाल पट्टी उमटली. समुद्राखालून आलेली इंटरनेटची केबल जिथे जमिनीवर येते, त्या केंद्रात ती इंजिनिअर होती. केबलमधल्या काही काचेच्या तंतूंमधला प्रकाश अचानक मंदावला होता. तिने चाचणीच्या यंत्रावर बिघाडाचं अंतर मोजलं आणि तिचं बोट नकाशावर थांबलं. किनाऱ्यापासून वीस-एक किलोमीटरवरचा खडकाळ पट्टा.

किनाऱ्याजवळ बाकी सगळीकडे केबल टाकताना जहाजामागून नांगरासारखं अवजार ओढून ती तळाच्या मातीत पुरलेली होती. खडकात ते अवजार चाललं नव्हतं. तिथे पोलादी तारांचं दुहेरी चिलखत चढवून केबल नुसती तळावर टाकली होती. अडकायची भीती होती ती तिथेच.

तिने जहाजांच्या जागा दाखवणारा पडदा पाहिला. त्या जागी एक मासेमारीची बोट जागच्या जागी डुलत होती. तिने नाव वाचलं. ती दादाची बोट होती.

"साहेब, ट्रॉलर अडकलाय," ती केंद्रप्रमुखांना म्हणाली. "माझ्या भावाचा."

"रेडिओवर बोला. लगेच."

तिने नियमाप्रमाणे बोटीचं नाव पुकारलं. दोनदा उत्तर आलं नाही. मग इंजिनाच्या घरघरीतून दादाचा आवाज आला.

"जाळं खडकात अडकलंय. विंचने त्याची वायर खेचतोय. बोला."

"खडक नाही, केबल आहे! विंच थांबवा!"

क्षणभर खरखर. "चिमणे? तू आहेस? अगं, केबल तर पुरलेली असते ना?"

"तिथे नाही, दादा! विंच थांबव आधी!"

"थांबवलं. पण मागची बाजू पार खाली बसलीय. लाटा डेकवर येतायत." त्याचा आवाज चिरकला. "जाळ्याच्या लोखंडी फळीला काहीतरी लटकलंय. मनगटाएवढं जाड, काळं. खलाशी म्हणतोय ग्राइंडरने कापून टाकू, मग मोकळे होऊ."

प्रकाश पुढे ढकलणारी तळावरची उपकरणं चालवायला त्या केबलमधून हजारो व्होल्टची वीज जात होती.

"हात लावू नकोस! कुणालाच लावू देऊ नकोस! त्यात वीज आहे, दादा, माणूस जागेवर जाईल!"

ती साहेबांकडे वळली. "वीज उतरवायला हवी."

साहेबांनी पडद्याकडे पाहिलं. अजून निम्मे तंतू चालू होते. वीज उतरवली की तेही गेले, आणि वीज दोन्ही टोकांनी येत असल्याने समुद्रापलीकडच्या केंद्राच्या संमतीशिवाय ती उतरवता येत नव्हती.

"एकदा बंद केली की इंटरनेटची सगळी वाहतूक दुसऱ्या मार्गांवर ढकलावी लागेल. ते आधीच तुडुंब आहेत."

"साहेब, बोटीवर माणसं आहेत."

त्यांनी फोन उचलला. पलीकडचा माणूस प्रश्नांवर प्रश्न विचारत होता. साहेब एरवी हळू बोलणारे, पण आज ओरडले, "नंतर सांगतो सगळं! आधी उतरवा!"

ती रेडिओवरून दादाला धरून होती. "सगळ्यांना मागच्या बाजूने पुढे घे. जाळ्याची ताणलेली वायर तोडायची नाही, चाबकासारखी उसळेल. आधी विंचचा ब्रेक सोड. जेवढी वायर आहे तेवढी जाऊ दे."

"नवं जाळं आहे गं."

"सोडून दे! जाळ्याची भरपाई मिळते. तुझी कुठून आणू?"

पलीकडून वायर सुटल्याची कर्कश किंचाळी आणि कुणाचीतरी आरोळी. मागे साहेबांचा आवाज आला, "उतरली. दोन्ही टोकांनी." पडद्यावरच्या उरलेल्या तंतूंच्या हिरव्या रेघा एकदमच विझल्या.

"दादा?"

तिने पुन्हा पुकारलं.

"दादा, ऐकू येतंय का?"

"सैल झाली," तो धापा टाकत म्हणाला. "बोट सरळ झाली. आता वायर कापतोय. आमचीच. ते काळं पाण्यात गेलं परत."

ती खुर्चीत बसली. 

काही दिवसांनी दुरुस्तीचं जहाज आलं. टाकून दिलेल्या जाळ्याची जागा दादाने स्वतः कळवली होती. म्हणून जहाजाने आधी ते जाळं उचललं, मग तळावरून मोठा लोखंडी गळ ओढून केबल वर घेतली. चेंबलेला भाग कापून काढला, मधे नवा तुकडा घातला आणि एकेक तंतू जोडला.

दादा तिच्यासोबत धक्क्यावर उभा राहून ते लांबचं जहाज बघत होता. त्या दिवसापासून तो समुद्रावर गेला नव्हता.

"नकाशावर केबलची रेघ दिसत होती मला," तो म्हणाला. "वाटलं, काय होतंय. खडकापाशी मासळी चांगली लागते."

तिला खूप बोलायचं होतं, रागावायचंही होतं. तेवढ्यात साहेबांचा फोन आला. केबल पुन्हा चालू झाली होती.

"झालं?" दादाने विचारलं.

"झालं."

"खलाशांना काय सांगू? परवा निघायचं म्हणतायत."

"त्यांना घेऊन केंद्रावर ये," ती म्हणाली. "कुठे जाळं टाकायचं नाही ते मी सगळ्यांना दाखवते."